मुलाची मुरुमं: कोणते डाग जातात, कोणते खड्डे राहतात

«माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, वजन ५२ किलो. तीन वर्षांपूर्वी कपाळावर बारीक मुरुमं आली. वयाचं आहे, जाईल, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. आता सहा महिन्यांपासून गालांवर आणि जबड्याच्या कडेला दुखणाऱ्या गाठी येतात आणि त्या बसल्या की खड्डा राहतो. ॲडापलीनचं जेल आणून प्रत्येक मुरुमावर लावलं, तर चेहरा भाजल्यासारखा झाला. दहा दिवसांत सोडलं. मग मित्राच्या सांगण्यावरून डाग घालवायचं एक क्रीम लावलं. त्याने आठवड्यात चेहरा साफ झाला, पण दोन दिवस लावलं नाही की दुप्पट येतात. त्वचेच्या डॉक्टरांनी आता आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. खड्डे आपोआप भरतात का? हे खाण्यामुळे किंवा चेहरा नीट न धुतल्यामुळे होतंय का? जेल का लागू पडलं नाही? या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, पुढे मूल होत नाही, असं ऐकलं आहे, ते खरं आहे का? लेझर आत्ताच करून घ्यावं का? – काळजीत पडलेला बाप»

सगळ्यात आधी ते क्रीम, कारण त्यात थांबून चालणार नाही. ट्यूब उलटी करा आणि घटकांची बारीक अक्षरं वाचा. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडलं, तर ते स्टेरॉइडचं मलम आहे. डाग घालवणाऱ्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोनच्या जोडीला स्टेरॉइड घातलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. स्टेरॉइड सूज आणि लाली झटक्यात दाबतं, म्हणून आठवड्यात चेहरा साफ दिसला. मात्र ज्या छिद्रांत मुरुमं तयार होतात ती तशीच तुंबलेली राहिली. वर, स्टेरॉइडने स्वतःच मुरुमं येतात, कातडी पातळ होते आणि लावणं सोडलं की दाबलेली सूज उसळून वर येते. ‘दोन दिवस लावलं नाही की दुप्पट’ हे त्याचंच लक्षण. ट्यूबवर घटकच छापलेले नसतील, तर तिच्यात स्टेरॉइड आहे असंच धरून चाला.

ट्यूब घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. किती दिवस आणि किती वेळा लावलं ते खरं सांगा, कारण गोळ्या केव्हा आणि किती कमी मात्रेने सुरू करायच्या हे त्यावर ठरतं. क्रीम सोडल्यावर काही आठवडे चेहरा लाल होईल, खाजेल, पुटकुळ्या वाढतील. हा काळ कठीण जातो आणि बरीच मुलं याच टप्प्यावर पुन्हा तेच क्रीम हातात घेतात. हे सगळं होणार आहे याची कल्पना त्याला आधीच द्या.

आता खड्डे. ‘डाग’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि त्या तिघींचं भवितव्य वेगळं असतं. रात्री खोलीतला वरचा दिवा बंद करा, मुलाला खुर्चीवर बसवा आणि टॉर्च त्याच्या कानाजवळ धरा, म्हणजे उजेड गालावरून तिरपा सरकेल. खरा खड्डा असेल तर त्याच्या एका कडेला सावली पडते. सावली नाही, नुसता रंग दिसतोय, तर तो खड्डा नाही. रंग लाल किंवा गुलाबी असेल तर त्यावर काचेचा पेला हलकेच दाबा. दाबल्यावर लाली फिकी पडली तर त्या जागच्या रक्तवाहिन्या अजून फुललेल्या आहेत एवढाच अर्थ. रंग तपकिरी किंवा काळपट असेल तर ते सूज उतरताना मागे राहिलेलं रंगद्रव्य आहे. लाल आणि तपकिरी हे दोन्ही डाग नवीन मुरुमं यायची थांबली की महिन्यामहिन्याने फिके होत जातात. गडद कातडीवर तपकिरी डागाला कधी वर्षाच्या वर लागतं, आणि ऊन लागलं तर तो अधिक गडद होऊन जास्त रेंगाळतो. म्हणून दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं, तेलकट नसलेलं सनस्क्रीन लावायचं. डागांसाठी घरी करण्यासारखं याहून मोठं काही नाही.

सावली पडणारा खड्डा मात्र आपोआप भरत नाही. पहिल्या काही महिन्यांत सूज उतरते आणि कडा थोड्या मऊ होतात, म्हणून तो उथळ वाटायला लागतो, पण संपूर्ण सपाट होत नाही. हे तुम्हाला स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण याच्या कारणातच उपायाची घाई दडलेली आहे. मुरुमाची सुरुवात केसाच्या मुळाशी, तेलग्रंथीच्या नळीत होते. वयात येताना हार्मोनमुळे तेल वाढतं, नळीच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. नळी वरच्या बाजूला फुटली तर पुटकुळी होऊन मोकळी होते. आतल्या बाजूला, कातडीच्या खोल थरात फुटली, तर तिथे गाठ होते. शरीर तो कचरा साफ करायला पेशी पाठवतं आणि त्या पेशींची विकरं कातडीला आतून आधार देणारं आजूबाजूचं कोलॅजनही खाऊन टाकतात. खाल्लेल्या कोलॅजनची भरपाई अपुरी झाली की वरची कातडी आत ओढली जाते. तोच खड्डा. गाठ जितके दिवस आत धुमसते तितकं कोलॅजन जास्त जातं.

म्हणून ‘वयाबरोबर जाईल’ हे बारीक मुरुमांच्या बाबतीत बऱ्याचदा खरं ठरत असलं, तरी गाठींच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. मुरुमं जातीलही, खड्डे राहतील. तुमच्या मुलाला गाठी येताहेत आणि खड्डे पडायला लागलेत, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टर गोळ्यांकडे वळतात, आणि माझ्या मते त्यांनी योग्य सुचवलं आहे. तुमच्या किंवा त्याच्या आईच्या चेहऱ्यावर तरुणपणी खड्डे पडले असतील तर तेही त्यांना सांगा. व्रण राहण्याची प्रवृत्ती घराण्यात चालत येते.

खाणं आणि स्वच्छता यांच्यावर जास्त वेळ घालवू नका. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो, नळीच्या तोंडाशी रंगद्रव्य हवेच्या संपर्कात येऊन काळं पडतं, त्यामुळे घासून ते जात नाही. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा आणि घाम आला की एकदा धुणं पुरे. दाणेदार स्क्रबने सुजलेली नळी आत फुटायला मदतच होते. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनी कातडी भाजते आणि मुरुमाचा डाग राहायचा तो भाजल्याचाही राहतो. खाण्यात, पटकन साखर वाढवणारे पदार्थ, साय काढलेलं दूध आणि व्हे प्रोटीनची पावडर यांचा काही मुलांत संबंध दिसतो. तो व्यायामशाळेत जात असेल आणि पावडर घेत असेल तर तीन महिने बंद करून बघा. तिथे कोणी इंजेक्शनं किंवा ‘मसल वाढवायच्या’ गोळ्या देत असेल तर ते न रागावता विचारून घ्या, कारण ॲनाबॉलिक स्टेरॉइडने पाठीवर आणि खांद्यांवर अतिशय उग्र मुरुमं येतात आणि डॉक्टरांना ते कळल्याशिवाय कुठलाच उपाय धड चालत नाही. एरवी प्रत्येक घासावर त्याला टोकून गाठी थांबणार नाहीत.

जेल चुकीचं नव्हतं. लावायची पद्धत आणि मुदत चुकली. ॲडापलीन आलेल्या मुरुमाला सुकवण्यासाठी नसतंच. त्याचं काम नळीच्या तोंडाशी बूच बसू न देणं हे आहे. आज दिसणारं मुरूम आत काही आठवड्यांपूर्वी सुरू झालेलं असतं, त्यामुळे दहा दिवसांत त्याचा निकाल लागणं शक्यच नव्हतं. याची परीक्षा १२ आठवड्यांनी घ्यायची. शिवाय एकेका मुरुमावर ठिपका दिला की त्या जागी औषध जास्त होतं आणि शेजारच्या, अजून न दिसणाऱ्या नळ्या तशाच राहतात. मुलाचा चेहरा भाजला तो या जाड ठिपक्यांनी.

बरोबर पद्धत अशी. ०.१ टक्क्याचं जेल, संपूर्ण चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढं. रात्री चेहरा धुऊन टिपून घ्यायचा आणि २० मिनिटं थांबायचं, कारण ओल्या कातडीत ते जास्त झिरपतं आणि जास्त जळजळतं. मग वाटाण्याचे पाच ठिपके करायचे: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. तिथून पातळ पसरायचं. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कडा सोडायच्या. त्यावर मॉइश्चरायझर. कातडी नाजूक असेल तर मॉइश्चरायझर आधी आणि जेल नंतर, तरी चालतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, सोसलं की रोज. जोडीला सकाळी २.५ टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं जातं. ते जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. त्याने टॉवेल, उशीचा अभ्रा आणि शाळेच्या शर्टाची कॉलर यांचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वापरायचा. नुसतं क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल महिनोन्महिने लावू नका, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

मात्र हे सगळं तुमच्या मुलाने लगेच सुरू करायचं नाही. स्टेरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर दोन्ही औषधं झोंबतील, आणि गोळ्या सुरू झाल्या की कोरडेपणामुळे ॲडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड साधारणपणे बंदच ठेवतात. त्याच्या बाबतीत ॲडापलीनची खरी गरज गोळ्यांचा कोर्स संपल्यावर आहे, मुरुमं परत उलटू नयेत म्हणून. पद्धत तेव्हासाठी जपून ठेवा.

आता गोळ्या. आयसोट्रेटिनॉइन तेलग्रंथी आक्रसवतं, म्हणजे मुरुमाच्या मुळाशीच घाव घालतं. रोजची मात्रा वजनाच्या किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम असते आणि संपूर्ण कोर्समध्ये मिळून किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जावं असा साधारण हिशेब धरतात. ५२ किलोला ही बेरीज ६,२४० ते ७,८०० मिलिग्रॅम होते. समजा डॉक्टरांनी पहिला महिना रोज २० मिलिग्रॅम दिलं, तर ३० दिवसांत ६०० झाले. पुढे रोज ४० दिलं, तर उरलेले ५,६४० ते ७,२०० मिलिग्रॅम संपायला १४१ ते १८० दिवस लागतात. म्हणजे सगळे मिळून सहा ते सात महिने. हा हिशेब तुम्हाला मात्रा ठरवता यावी म्हणून दिलेला नाही. दोन महिन्यांत चेहरा बरा दिसला म्हणून मधेच थांबवलं तर बेरीज अर्धवट राहते आणि मुरुमं उलटायची शक्यता वाढते, हे आकड्यांत कळावं म्हणून दिला आहे. सुरुवात कमी मात्रेने करण्यालाही कारण आहे: पहिल्या महिन्यात मुरुमं वाढू शकतात, आणि एकदम मोठी मात्रा दिली तर ती जास्त भडकतात. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, त्या जेवणात तूप-तेल असावं. बऱ्याचशा गोळ्या अशा असतात की रिकाम्या पोटी घेतल्या तर औषध निम्म्याहून कमी शोषलं जातं. मग कोर्स सात महिने चालूनही फळ अपुरं मिळतं आणि दोष औषधावर जातो.

तुम्ही ऐकलेल्या दोन गोष्टींपैकी लिव्हरची अर्धी खरी आहे. काही जणांत लिव्हरची एन्झाइम्स आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात, बहुतेकदा थोडीच, आणि मात्रा कमी केली की खाली येतात. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी एकदा आणि साधारण महिना-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात. तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस जोरदार व्यायाम नको. स्नायूंवर ताण पडला की काही एन्झाइम्स त्यामुळेही वाढलेली दिसतात आणि लिव्हरवर उगाच संशय येतो. मूल न होण्याची भीती मुलाच्या बाबतीत निराधार आहे. पुरुषाच्या शुक्राणूंवर या गोळ्यांचा घातक परिणाम दिसलेला नाही. ही अफवा जन्मली ती दुसऱ्या, संपूर्ण खऱ्या धोक्यातून: गर्भवती स्त्रीने ही गोळी घेतली तर गर्भात गंभीर व्यंग निर्माण होतं. म्हणून घरातल्या बहिणीला किंवा वर्गातल्या मैत्रिणीला ‘मला फरक पडला, तूही घे’ म्हणून एकही गोळी जाता कामा नये. गोळ्या तुमच्या कपाटात ठेवा आणि मोजून द्या. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर त्याने रक्तदानही करायचं नाही, कारण ते रक्त कुणा गर्भवतीला चढू शकतं.

रोजचा त्रास कोरडेपणाचा असतो. ओठ जवळपास प्रत्येकाचे फुटतात, म्हणून व्हॅसलीनसारखं साधं मलम खिशात हवं, फुटल्यावर नाही, फुटायच्या आधीपासून. नाकाचा आतला पडदा सुकून रक्त येऊ शकतं, रात्री तेच मलम नाकपुडीच्या कडेला बोटाने लावा. डोळे सुकतात, खेळणाऱ्या मुलांचे सांधे आणि पाठ दुखते. ‘अ’ जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद, कारण हे औषध त्याच कुळातलं आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा त्या गटातलं दुसरं अँटिबायोटिक यासोबत घ्यायचं नाही: दोन्हींनी मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. जोराची डोकेदुखी आणि धूसर दिसणं एकत्र आलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ताप, सांधे दुखणं आणि गाठी फुटून जखमा होणं हे एकत्र दिसलं तरी तसंच करा. ही अवस्था विरळ आहे, पण ती गाठते ती मुख्यतः याच वयाच्या मुलांना.

मनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. या गोळ्यांनी काही जणांची मनःस्थिती बिघडल्याच्या नोंदी आहेत, आणि उग्र मुरुमांनीही ती बिघडते. कारण कुठलंही असो, लक्ष तुम्हालाच ठेवायचं आहे. त्याला आधी निराशेचा त्रास झाला असेल तर गोळी सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. झोप उडणं, मित्र टाळणं, फोटोतून बाजूला होणं, शाळेला दांडी मारणं यांपैकी काही वाढताना दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जीव नकोसा झाल्याचं तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका आणि तातडीने मदत घ्या. आणि जेवताना त्याच्या चेहऱ्याबद्दल बोलणं आजच थांबवा. पाहुण्यांनी विषय काढला तर तुम्ही तो तोडा. औषधाबद्दल बोलायची आठवड्यातली एक ठरावीक वेळ ठेवा, बाकी वेळी तो तुमचा मुलगा, मुरुमांचा रुग्ण नव्हे.

लेझर आत्ता नको. गाठी येत असताना खड्डे बुजवायला घेतले तर शेजारी नवे पडत राहतात. आधी मुरुमं थांबू द्या. पुढे काय करायचं ते खड्ड्याच्या आकारावर ठरतं. सुईने टोचल्यासारखे अरुंद खोल खड्डे असतील तर त्यांच्या तळाशी तीव्र ॲसिडचा अगदी बारीक थेंब सोडतात. रुंद, लाटेसारखे, आणि गाल दोन बोटांनी ताणला की नाहीसे होणारे असतील तर खालून बांधणारे धागे सुईने मोकळे करतात. उभ्या कडांचे उथळ खड्डे बारीक सुयांनी टोचण्याच्या मायक्रोनीडलिंगला किंवा ठिपक्याठिपक्यांनी मारल्या जाणाऱ्या फ्रॅक्शनल लेझरला बरे दाद देतात. बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून एकाच लेझरचं पॅकेज विकणाऱ्याकडे सावधपणे बघा. मायक्रोनीडलिंगची सत्रं चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, साधारण तीन ते सहा लागतात. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. गडद कातडीवर लेझर आणि ॲसिडने नवा काळा डाग पडू शकतो, तेव्हा आधी छोट्या जागेवर करून बघायला सांगा. कोर्स संपल्यावर किती थांबायचं हे उपचारावर अवलंबून आहे: मायक्रोनीडलिंगला लांब थांबावं लागत नाही, कातडीचा वरचा थर सगळा काढणाऱ्या लेझरला आणि कातडी यंत्राने घासणाऱ्या डर्माब्रेजनला सहा महिने थांबणं शहाणपणाचं.

तोवर एखादी मोठी गाठ ठणकायला लागली तर ती दाबायची नाही. दाबली की आतल्या बाजूला फुटते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने खड्डा पाडता. स्वच्छ कपड्यात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं धरा आणि डॉक्टरांना दाखवा. ते गाठीत सौम्य प्रमाणात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि गाठ दोन-चार दिवसांत बसते. तुमच्या ट्यूबमधलं स्टेरॉइड आणि हे यांत गल्लत करू नका: हे एकदाच, मोजून, एका गाठीपुरतं असतं.

डॉक्टरांकडे जाताना ट्यूब, त्याने आजवर घेतलेल्या औषधांची नावं आणि तीन फोटो न्या: समोरून एक, दोन्ही गालांचे एकेक, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता. समोरून फ्लॅश मारला की खड्डे सपाट दिसतात. त्याच खिडकीशी, त्याच वेळी दर चार आठवड्यांनी पुन्हा तेच तीन फोटो काढा, त्याची तयारी असेल तर त्यालाच काढू द्या. रोज आरशात बघून त्याला काहीच बदललेलं वाटणार नाही, तिसऱ्या महिन्यात पहिला आणि चौथा फोटो शेजारी ठेवलात की गाठी मोजता येतील.